धर्म-अध्ययनाचा प्रबंध-प्रस्ताव समितीपुढे मांडताना: आधी बोलणं लिहा, मग स्लाइड करा

पीएच.डी.चा प्रस्ताव मांडायला आलेली मुलं बहुतेक वेळा विषयावर अडकत नाहीत, मांडणीवर अडकतात. सादर केलेला वीस पानी आराखडा उचलून, परिच्छेद कापून, तीस-बत्तीस स्लाइडवर चिकटवलेला असतो आणि मग पडद्याकडे तोंड करून तो वाचला जातो. सातव्या-आठव्या स्लाइडला अध्यक्ष घड्याळाकडे बघून म्हणतात, "जरा पद्धतीवर या." पद्धत असते तेविसाव्या स्लाइडवर. हे मी इतरांचं पाहिलेलं आहेच, पण सगळ्यात आधी माझ्या स्वतःच्या वेळी अनुभवलेलं आहे.

क्रम उलटा लावला की यातले निम्मे घोटाळे आपोआप जातात. आधी प्रश्न एका वाक्यात, मग तोंडी मांडणी पूर्ण लिहून, आणि सर्वांत शेवटी स्लाइड. खाली हाच क्रम दिला आहे. सगळं हवेत राहू नये म्हणून एकच कल्पित प्रस्ताव शेवटपर्यंत घेते: माहीमच्या सेंट मायकेल चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनाला जाणाऱ्या, ख्रिस्ती नसलेल्या मराठी बायका. नोव्हेना म्हणजे येशूची आई मरियम हिच्यापुढे सलग नऊ बुधवार करायची प्रार्थना. १९४८ पासून तिथे ती दर बुधवारी होते, आणि माहीम-दादर भागात राहिलेल्या कुणालाही त्या रांगेबद्दल वेगळं सांगायला नको.

## टप्पा १: समोर कोण बसणार आणि काय ठरवणार

मुंबईत मुलं "आरआरसी आहे माझी" असं एका दमात सांगतात, पण मार्गदर्शकांसह तुमच्या कामावर लक्ष ठेवणारी संशोधन सल्लागार समिती वेगळी आणि विषय-नोंदणीला मान्यता देणारी समिती, म्हणजे आरआरसी, वेगळी. तुम्हाला नेमकं कुणापुढे उभं राहायचं आहे, हे विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. सल्लागार समिती पद्धतीच्या बारकाव्यात शिरते, कारण पुढची काही वर्षं ती तुमच्याबरोबर असणार असते. मान्यता देणारी समिती एका दिवसात अनेक प्रस्ताव ऐकते. तिला मुख्यतः तीन गोष्टी बघायच्या असतात: विषय या शाखेत बसतो का, तीन-चार वर्षांत हातून होईल का, आणि हे आधी कुणी केलं आहे का.

तारीख आली की चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: बोलायला किती मिनिटं, प्रश्नांना किती, मांडणी मराठीत चालेल की इंग्रजीत, आणि संगणक त्यांचा की तुमचा. भाषेचं उत्तर गृहीत धरू नका. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना मराठी येत नसेल तर स्लाइड इंग्रजीत आणि बोलणं मिश्र, अशी तडजोड आदल्या दिवशी नव्हे, पंधरा दिवस आधी ठरवावी लागते.

धर्म-अध्ययनात आणखी एक गोष्ट बघायची. समितीत कोण कुठल्या विद्याशाखेतून आलं आहे? तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक "संकल्पना काय" असं विचारतील, समाजशास्त्राचे "नमुना किती" असं विचारतील, संस्कृत किंवा पालीचे "मूळ ग्रंथ कुठला" असं विचारतील. आपल्याकडे धर्म-अध्ययनाचा स्वतंत्र विभाग विरळाच, त्यामुळे समिती अशी मिश्र असणं हेच नेहमीचं. एकाच भाषेत तिघांशी बोलता येत नाही, म्हणून प्रत्येकासाठी निदान एक वाक्य तयार ठेवायचं.

तपासा: समितीकडे गेलेल्या आराखड्याची नेमकी तीच प्रत तुमच्या हातात आहे का? मार्गदर्शकांनी शेवटच्या क्षणी शीर्षक बदललेलं असतं आणि स्लाइडवर जुनं राहतं. पहिली पाच मिनिटं त्या खुलाशातच जातात.

## टप्पा २: प्रश्न एका वाक्यात आणा

शीर्षक म्हणजे प्रश्न नव्हे. "मुंबईतील बहुधर्मीय श्रद्धास्थाने: एक चिकित्सक अभ्यास" हे शीर्षक घेऊन कुणी आलं तर समितीला कळत नाही की तुम्हाला शोधायचं काय आहे. शिवाय माहीममध्येच मखदूम बाबांचा दर्गा, थोडं पुढे वांद्र्याला माउंट मेरी, आणि मग "हाजी अलीही घेऊ या ना" असा मोह होतो. तीन स्थळं घेतली की तुलना करावी लागते, तुलनेसाठी तिन्हीकडे सारखंच खोल जावं लागतं, आणि एका माणसाला ते झेपत नाही. समिती हे लगेच ओळखते.

आपल्या उदाहरणात वाक्य असं झालं:

*ख्रिस्ती नसलेल्या मराठी भाषक स्त्रिया बुधवारच्या नोव्हेनाला आपल्या ओळखीच्या नवसाच्या चौकटीत कशा बसवतात, आणि त्यातलं काय त्या चौकटीत बसत नाही?*

वाक्याचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. पहिल्या अर्ध्याचं उत्तर कुणीही चर्चबाहेर अर्धा तास उभं राहून देईल: "त्या त्याला नवसच समजतात." मग प्रबंध कशासाठी? पण जरा बारकाईने पाहा. नवसाचा क्रम असा असतो की आधी बोलायचं, मग देवाने द्यायचं, मग आपण फेडायचं. "मुलगा झाला तर पाळणा वाहीन." नोव्हेनात उलटं आहे. नऊ बुधवार आधी जायचं, अट घालायची नाही, मिळेल तेव्हा मिळेल. या दोन क्रमांची जिथे गाठ पडते ती जागा डोळ्यांनी बघता येते: बाहेरच्या दुकानातून घेतलेलं मेणाचं बाळ किंवा मेणाचं घर. ते मागताना वाहिलं की मिळाल्यावर? हे प्रत्येकीला विचारता येतं आणि उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. प्रश्नाला अशी एक हातात धरता येणारी वस्तू सापडली की समितीचा अर्धा विरोध मावळतो.

सावधान: प्रश्नात "का" आला तर थांबा. "त्या का जातात?" याला मानसशास्त्र, अर्थकारण, कुटुंब, आजार अशी हजार उत्तरं आहेत. "कशा", "कोणत्या शब्दांत", "कधी" हे प्रश्न तपासता येतात.

## टप्पा ३: तुमची जागा सांगणारं वाक्य

हा टप्पा लोक गाळतात, आणि याच विषयात तो गाळून चालत नाही. इतिहासाच्या प्रबंधात कुणी विचारत नाही की तुमचा शिवकालावर विश्वास आहे का. इथे विचारतात. कधी उघड, "तुम्ही स्वतः कॅथलिक का?", कधी आडून, "हे चमत्कार तुम्ही कसे सिद्ध करणार?", आणि हल्ली हमखास, "हा धर्मांतराचा विषय आहे का?"

नोव्हेनात माणसाला मिळालेलं खरोखर मरियममुळे मिळालं का, याचा निर्णय हा प्रबंध करणार नाही. तो खोटंही म्हणणार नाही आणि खरंही. धर्माचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी या पवित्र्याला पद्धतीपुरतं अज्ञेयत्व म्हटलं, पण समितीपुढे नावाची संज्ञा फेकण्याऐवजी साधं वाक्य जास्त काम करतं:

*"नवस फेडला गेला हे मी नोंदवीन. नवस का पावला यावर माझा प्रबंध बोलणार नाही."*

हे वाक्य तोंडपाठ पाहिजे. ते म्हटल्यावर श्रद्धाळू सदस्याला वाटत नाही की तुम्ही हेटाळणी करताय, आणि विवेकवादी सदस्याला वाटत नाही की तुम्ही प्रचार करताय. पण एवढंच म्हणून थांबलात तर ते पळवाट वाटतं, म्हणून लगेच दुसरं वाक्य जोडा. तुम्ही स्वतः कोण आहात आणि त्यामुळे काय दिसेल, काय दिसणार नाही. "मी हिंदू घरातली, माझी आजी इथे यायची. त्यामुळे बायका माझ्याशी मोकळ्या बोलतील, पण चर्चच्या आतली धर्मशास्त्राची बाजू मला बाहेरून शिकावी लागेल, आणि त्यासाठी मी धर्मगुरूंच्या मुलाखती घेणार आहे." कबुली आणि उपाय एकाच श्वासात.

"तटस्थपणे अभ्यास करणार" हे शब्द स्लाइडवर लिहू नका. कुठलाही जुना प्राध्यापक त्यावर तुटून पडतो, आणि ते बरोबरच आहे.

## टप्पा ४: तोंडी मांडणी पूर्ण लिहून काढा

पंधरा मिनिटं मिळाली असतील तर बारा मिनिटांचं लिहा. सावकाश, समजेल असं मराठी बोलताना मिनिटाला साधारण शंभर ते एकशे दहा शब्द होतात, म्हणजे तेराशे शब्दांच्या आत राहायचं. उरलेली तीन मिनिटं तुमची नाहीत. प्रोजेक्टर सुरू होणं, कुणीतरी उशिरा येणं, मध्येच "एक मिनिट, हे जरा पुन्हा सांगा" यांत ती जातात.

बारा मिनिटांची वाटणी मी अशी करते: सुरुवातीच्या दृश्याला दीड, प्रश्न आणि आवाक्याला दीड, आधीच्या कामाला दोन, आपल्या जागेला एक, पद्धतीला साडेतीन, संमती-नैतिकतेला दीड, मर्यादा आणि वेळापत्रकाला मिळून एक. पद्धतीला सर्वांत जास्त, कारण मान्यता किंवा नकार तिथेच ठरतो. बहुतेकांचं वाटप नेमकं उलट असतं: धर्माच्या व्याख्यांना पाच मिनिटं आणि पद्धतीला "गुणात्मक पद्धतीचा अवलंब केला जाईल" एवढं एक वाक्य.

सुरुवात कशी करायची? "सर्वप्रथम मी समितीचे आभार मानते" यात वीस सेकंद जातात आणि कुणी ऐकत नाही. एक नमस्कार पुरे, मग थेट दृश्य:

*"नमस्कार. बुधवारी सकाळी माहीमच्या चर्चच्या फाटकाबाहेर एक बाई मेणाचं छोटं घर विकत घेते. गळ्यात मंगळसूत्र आहे, हातात नोव्हेनाची पुस्तिका आहे. तिला विचारलं तर ती सांगते, 'सातवा बुधवार आहे माझा. खोलीचं काम व्हायचंय.' हे घर ती आज वाहणार आहे, खोली मिळायच्या आधी. तिच्या मागे उभी असलेली दुसरी बाई असंच घर हातात घेऊन उभी आहे, पण तिची खोली झाली आहे, ती फेडायला आली आहे. वस्तू एकच, रांग एकच. एकीची मागणी आहे, दुसरीची परतफेड. चर्च या दोन्हींना प्रार्थना म्हणतं. या दोघी त्याला नवस म्हणतात. या दोन शब्दांच्या मधली जागा हा माझा विषय."*

मोजून पाहा, एका मिनिटाच्या आत होतं. दृश्यात भावना रंगवणारं एकही विशेषण नाही: "भक्तिभावाने", "श्रद्धेने ओथंबलेल्या" वगैरे काही नाही. धर्मावर बोलताना विशेषणं आपोआप येतात आणि ती प्रवचनासारखी वाटायला लागतात. लिहून झाल्यावर ती शोधून काढा. आणि हो, हे दृश्य तुम्ही प्राथमिक भेटींत खरंच पाहिलेलं असलं पाहिजे. "ही बाई तुम्हाला कधी भेटली?" असं कुणी विचारलं तर वहीतली तारीख सांगता यायला हवी. माझ्या उदाहरणातली बाई कल्पित आहे, तुमची असून चालणार नाही.

लिहिताना बोलीत लिहा. "प्रस्तुत संशोधनाद्वारे शोध घेण्यात येणार आहे" असं वाक्य तोंडात नीट बसत नाही आणि माणूस तिथेच अडखळतो. "मी हे शोधणार आहे" असं लिहा. आराखडा प्रमाण भाषेत आहेच, तो त्यांनी वाचला आहे, निदान चाळला तरी आहे.

तपासा: लिहिलेलं घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा, ज्याला विषय माहीत नाही. शेवटी विचारा, "मी काय शोधणार आहे?" उत्तर "ते चर्चमध्ये जाणाऱ्या बायकांचं काहीतरी" असं आलं तर टप्पा २ ला परत जा.

## टप्पा ५: आता स्लाइड, नऊ पुरेत

भाषण तयार झालं की स्लाइड हे अवघं दोन तासांचं काम उरतं. प्रत्येक भागाला एक, आणि स्लाइडवर फक्त तेच जे कानाने धरून ठेवता येत नाही: प्रश्नाचं नेमकं वाक्य, आकडे, नावं, तक्ता. जे बोलणार आहात ते पुन्हा पडद्यावर लिहिलं की समिती वाचायला लागते आणि तुमचं ऐकू येणं बंद होतं.

पहिली शीर्षकाची, दुसरी दृश्याची. दुसऱ्या स्लाइडवर फोटो लावायचा असेल तर वस्तूचा लावा, माणसांचा नको. चेहरे ओळखू येणारा, रांगेतल्या बायकांचा फोटो लावून पुढे सातव्या स्लाइडवर "गोपनीयता पाळली जाईल" असं म्हणता येत नाही. मेणाच्या घरांच्या टोपलीचा फोटो उत्तम. तिसरीवर प्रश्नाचं एकच वाक्य, मोठ्या अक्षरात, दुसरं काही नाही. खाली उपप्रश्न घालायचा हात शिवशिवतो, पण ते तोंडी सांगा.

चौथी स्लाइड आधीच्या कामाची, आणि इथे सर्वांत जास्त चुका होतात. पंधरा नावांची यादी लावली की समितीतला एकजण हमखास सोळावं नाव विचारतो. त्याऐवजी तीनच कामं घ्या आणि प्रत्येकाने तुम्हाला कुठे आणून सोडलं ते सांगा. आपल्या उदाहरणात: अमेरिकेतल्या कॅथलिक स्त्रिया हताश प्रसंगी संत ज्यूडकडे कशा जातात, याचा रॉबर्ट ऑर्सी यांचा अभ्यास (१९९६) आभारपत्रांचा आणि बायकांच्या बोलण्याचा वापर दाखवतो, पण तिथल्या स्त्रिया त्याच धर्मातल्या आहेत. दक्षिण आशियातल्या नवसांवरचा सेल्वा राज आणि विल्यम हार्मन यांनी संपादित केलेला लेखसंग्रह (२००६) अनेक धर्मांतले व्रत-नवस शेजारी ठेवतो. गोव्यातल्या हिंदू-कॅथलिक संबंधांवरचं अलेक्झांडर हेन यांचं काम (२०१४) कोकण किनाऱ्यापर्यंत येतं. मग स्लाइडच्या तळाशी एक ओळ: *महानगरातल्या, आठवड्याच्या ठरावीक वारी होणाऱ्या, मराठी नवसाच्या शब्दांत बोलल्या जाणाऱ्या आचरणाचं काय?* "यावर कुणीही काम केलेलं नाही" असं ठामपणे मात्र म्हणू नका. "मला शोधगंगा आणि शोधगंगोत्रीवर अमुक तारखेपर्यंत थेट या विषयावरचा प्रबंध किंवा आराखडा सापडला नाही" असं म्हणा, आणि ते खरंच शोधून बघा. शोधताना "नोव्हेना"ची इंग्रजी आणि मराठी अशी दोन्ही रूपं टाका.

पाचवी जागेची: टप्पा ३ मधली दोन वाक्यं, बस.

सहावी पद्धतीची. इथे तक्ता लावायचा, कारण आकडे कानाने धरता येत नाहीत. डावीकडे काय करणार, मध्ये किती, उजवीकडे त्यातून प्रश्नाचा कुठला भाग सुटेल. उदाहरणात: एक वर्षातले चाळीस बुधवार निरीक्षण, त्यातून वस्तू कधी वाहिली जाते. पंचवीस स्त्रियांच्या दीर्घ मुलाखती, त्यांतल्या दहा जणींच्या नऊ आठवड्यांत तीनदा भेटी, त्यातून पहिल्या आणि नवव्या बुधवारी बोलण्याचे शब्द बदलतात का. दोन-तीन धर्मगुरू आणि बाहेरचे मेणवाले, त्यातून चर्चचे आणि बाजाराचे शब्द. मेणवाल्यांचा उल्लेख समितीला हमखास आवडतो. पण आवडतो म्हणून घालायचं नाही. "बाळ जास्त कधी खपतं, लोक काय म्हणून मागतात" हे तोच सांगू शकतो, म्हणून घालायचं.

उजवा रकाना रिकामा राहणारी ओळ सरळ काढून टाका. "प्रश्नावली: ३००" अशी ओळ अनेकांच्या तक्त्यात केवळ संख्या मोठी दिसावी म्हणून असते. ती कशाला, असं विचारलं की सांगता येत नाही.

सातवी संमतीची. धर्म-अध्ययनाच्या प्रस्तावांत ही बहुधा "सहभागींकडून लेखी संमती घेतली जाईल" एवढीच असते, आणि आपल्या विषयात ते चुकीचं आहे. सासरी न सांगता बुधवारी येणारी बाई असू शकते. तिच्या सहीचा कागद तुमच्या कपाटात असणं हाच तिला धोका. म्हणून तोंडी संमती, ध्वनिमुद्रणात नोंदवलेली, नाव बदललेलं, मुलाखत चर्चमध्ये नव्हे आणि घरी नव्हे, तिला हवी तिथे. चर्चची परवानगी वेगळी: आवारात बसून निरीक्षण करायला लेखी परवानगी मागा, आणि पत्र आलं असेल तर तसं स्लाइडवर लिहा, नसेल तर "अर्ज दिला आहे, तारीख अमुक" असं लिहा.

याच स्लाइडशी आणखी एक गाठ आहे. नोव्हेनात मागणीची आणि आभाराची पत्रं देण्याची रीत असते. ऑर्सींचं वाचून आलेल्या कुणालाही वाटतं की हा तर संशोधकाला सोन्याचा साठा. पण ती पत्रं लिहिणारीने देवाला दिलेली आहेत, तुम्हाला नाही, आणि चर्चने होकार दिला तरी लिहिणारीचा होकार त्यात नसतो. माझं मत स्पष्ट आहे: प्रस्तावात ही पत्रं घेऊ नका. प्रार्थनेत सर्वांसमोर मोठ्याने वाचलं जातं तेवढं ऐकून नोंदवा, तेही नाव-पत्ता गाळून. हे तुम्ही होऊन सांगितलंत, तर समितीला कळतं की हिने विचार केला आहे.

आठवी मर्यादांची, नववी वेळापत्रकाची. नवव्या स्लाइडवर शेवटी "धन्यवाद"ची वेगळी पाटी नको. प्रश्नोत्तरांच्या दहा मिनिटांत पडद्यावर वेळापत्रक असलं तर उपयोगी पडतं, गुलाबाचं चित्र काय कामाचं?

त्यांच्यामागे तीन राखीव स्लाइड ठेवा: मुलाखतीचे दहा प्रश्न, वाचलेल्या साहित्याची यादी, आणि शब्दांचा तक्ता (नवस, नोव्हेना, मन्नत, व्रत: कोण कुठला शब्द कधी वापरतं). विचारलं तरच उघडायच्या.

## टप्पा ६: फाइल आणि फॉन्ट

माझा स्वतःचा घोटाळा इथला. मी स्लाइड जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या, घरच्या संगणकावर झकास दिसत होत्या. विभागातल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता आणि पडद्यावर आली इंग्रजी अक्षरं आणि कंसांची रांगोळी. अध्यक्ष म्हणाल्या, "वाचून दाखवा." वाचायला मला तरी कुठे येत होतं?

टाइप युनिकोडमध्येच करा: मंगल, निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये `File > Options > Save` मध्ये जाऊन `Embed fonts in the file` वर खूण करा. तीच फाइल पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि स्वतःला मेलही करा. अक्षर अठ्ठावीस पॉइंटच्या खाली नको. देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार असतात, म्हणून ओळींमधलं अंतर जरा वाढवा, नाहीतर मागच्या खुर्चीवरून "मू" आणि "मु" यांतला फरक दिसत नाही.

तपासा: पीडीएफ मोबाइलवर उघडून हात लांब करून वाचा. वाचता आलं तर खोलीतही वाचता येईल.

## टप्पा ७: तालीम, पण घोकंपट्टी नको

पहिली तालीम कागद बघून, घड्याळ लावून. दुसरी कागदाशिवाय, स्लाइड बघून. तिसरी स्लाइडशिवाय. तिसरी गाळू नका, कारण वीज जाते, प्रोजेक्टर रुसतो, आणि कधी कधी अध्यक्षच म्हणतात, "पीपीटी राहू द्या, तुम्ही सांगा."

सगळं पाठ करायचं नाही. पाठ करायच्या फक्त तीन जागा: पहिली चार वाक्यं, प्रश्नाचं वाक्य, आणि "नवस का पावला यावर माझा प्रबंध बोलणार नाही" ही जागा. बाकीचं दर वेळी थोडं वेगळं आलं तरी बिघडत नाही, उलट जिवंत वाटतं.

त्याशिवाय दोन मिनिटांची एक छोटी आवृत्ती तयार ठेवा. दुपारी साडेबाराला सातवा उमेदवार म्हणून तुमचा नंबर लागला की "थोडक्यात सांगा" हे ठरलेलं. तेव्हा बारा मिनिटांचं भाषण घाईने बोलायचं नाही. दृश्याची तीन वाक्यं, प्रश्न, तक्त्यातल्या तीन ओळी, संमतीचं एक वाक्य. संपलं. सरळ तिसऱ्या आणि सहाव्या स्लाइडवर जायचं. पॉवरपॉइंट पूर्ण पडद्यावर चालू असताना स्लाइडचा आकडा टाइप करून एंटर दाबला की थेट तिथे पोचता येतं.

## टप्पा ८: प्रश्नांना उत्तरं

हातात कागद-पेन ठेवा आणि प्रश्न लिहून घ्या. दोन फायदे: तीन प्रश्न एकदम आले तर एकही सुटत नाही, आणि लिहिण्याच्या त्या पाच सेकंदांत विचार करता येतो.

या विषयात चार प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतातच.

*"हे समाजशास्त्र झालं, यात धर्म-अध्ययन कुठे?"* उत्तर: समाजशास्त्र विचारील की या बायका कुठल्या थरातल्या आणि येण्याने त्यांचं सामाजिक स्थान बदलतं का. मी विचारते की मागणं, देणं आणि फेडणं यांचा क्रम दोन परंपरांमध्ये वेगळा असताना त्या स्वतःच्या कृतीला अर्थ कसा देतात. पद्धत शेजाऱ्याची उसनी आहे, प्रश्न माझ्या घरातला आहे.

*"म्हणजे हा धार्मिक समन्वयच ना?"* हा वरवर कौतुकाचा, पण खरा सापळा. "हो सर" म्हटलंत की पुढचे तीन प्रश्न त्याच्यावरच येतात. समन्वय किंवा मिश्रण म्हटलं की आधी दोन शुद्ध धर्म होते आणि इथे ते मिसळले, असं गृहीत धरलं जातं. त्या बाईला काही मिसळल्यासारखं वाटत नाही, तिच्या हिशेबात तो तिचा नवस आहे. म्हणून हा शब्द मी निष्कर्ष म्हणूनही आधी ठरवलेला नाही, असं सांगायचं.

*"पंचवीस बायकांवरून मुंबईबद्दल काय सांगणार?"* काहीच नाही, आणि हे नम्रपणे पण लगेच म्हणायचं. किती जणी येतात हा माझा दावाच नाही, एक आचरण आतून कसं चालतं हा दावा आहे. बचाव करत बसून "मग पन्नास करते" असं म्हणू नका. पन्नास दीर्घ मुलाखतींचं मराठी शब्दांकन करायला किती महिने जातात हे तुम्हाला नंतर कळेल.

*"चर्चने परवानगी नाकारली तर?"* याचं उत्तर तयार नसेल तर प्रस्ताव अर्धवट आहे. आवाराबाहेरची रांग आणि दुकानं सार्वजनिक आहेत, मुलाखती बाहेर होऊ शकतात. आतलं निरीक्षण गळेल, आणि त्यामुळे चर्चच्या शब्दांची बाजू लंगडी पडेल. काय गमावणार, हे स्वतःच सांगा.

ज्याचं उत्तर येत नाही त्याला "हे मी वाचलेलं नाही, नाव लिहून घेते" एवढंच. न वाचलेल्या पुस्तकावर मत देण्याचा मोह मुंबईत विशेष धोक्याचा, कारण समोरच्यांपैकी एकजण त्या लेखकाचा विद्यार्थी निघू शकतो.

सावधान: मार्गदर्शक बाजूला बसलेले असतात. उत्तर देताना त्यांच्याकडे बघू नका. समिती ते पाहते आणि पुढचा प्रश्न त्यांनाच विचारते.

## टप्पा ९: त्याच संध्याकाळी

बाहेर आल्यावर कॅंटीनमध्ये बसून, घरी पोचायच्या आधी, समितीच्या सूचना जशाच्या तशा शब्दांत लिहा: कोण म्हणालं, काय म्हणालं, आणि ती अट होती की सल्ला. "शीर्षकातून 'हिंदू' काढून 'ख्रिस्ती नसलेल्या' करा" ही अट असते. "गोव्याचंही बघा" हा बहुतेक वेळा सल्ला. दोन्हींची गल्लत झाली की विद्यार्थी गोव्याचं प्रकरण लिहीत बसतो आणि शीर्षकाचं दुरुस्तीपत्र द्यायचं राहून जातं.

ही यादी दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांना दाखवा, आणि इतिवृत्त आलं की त्याच्याशी ताडून बघा. शीर्षकातला एक शब्द जरी वेगळा टाइप झाला असेल तर तेव्हाच अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. नोंदणीपत्रावर जे शीर्षक छापलं जातं तेच पुढे प्रबंधाच्या मुखपृष्ठावर यावं लागतं, आणि तीन वर्षांनी "नोव्हेना"चं "नोव्हेंबर" झालेलं सापडलं तर त्या एका शब्दासाठी पुन्हा समितीपुढे जावं लागू शकतं.